हिरवा म्हणायचा रंग

माझी बालवाडी म्हणजे माझ्याच घराची पुढची खोली. सोनगीरहून आत वळलं की आमचं गाव लागतं. लग्नाआधी मी जेमतेम सातवी शिकले. बाकीचं पोरांनीच शिकवलं, आणि त्यांनी काही सोपं शिकवलं नाही.

त्या वर्षी माझ्याकडे बारा मुलं होती. धुळ्याच्या एका इंग्रजी नर्सरीची गाडी गावात यायला लागली आणि आयांची कुजबुज सुरू झाली, की अक्का मुलांना मातीत खेळवतात, गाणी म्हणायला लावतात, यात शिक्षण कुठे आहे? जूनमध्ये निम्मी मुलं गाडीत बसली असती तर उरलेल्यांसाठी बालवाडी चालवणं म्हणजे रिकाम्या जात्यावर ओव्या म्हणणं. म्हणून मी ठरवलं, आयांनाच बोलवायचं आणि डोळ्यांदेखत शिक्षण दाखवायचं. बोटांनी रंगवायचं. लाल, पिवळा आणि निळा हे तीन मूळ रंग, त्यांच्यातून बाकीचे होतात, एवढं मला मोबाईलवर पाहून पाठ झालं होतं.

सामानाच्या बाबतीत मी फार शहाणी. होळीचा रंग नको, कपड्यांची नीळ नको, कारण तीन वर्षांचं लेकरू बोट आधी तोंडात घालतं आणि मग कागदावर ठेवतं. मैद्यात थंड पाणी घालून गुठळ्या मोडल्या, चिमूटभर मीठ टाकलं, मंद आचेवर खळ शिजवून गार केली. गावात घरोघरी पितळी वाट्या, पण मी स्टीलच्याच काढल्या, न जाणो पितळेचं काही खळीत उतरायचं. मुलांची नखं कापली. कोणाच्या बोटाला जखम आहे का ते पाहिलं, मैदा कोणाला सोसत नाही का तेही आयांना विचारून घेतलं. लाल आणि निळा खायचा रंग केकचं सामान विकणाऱ्याकडून आणवला. पिवळा मात्र आमच्याच किराणावाल्याकडे होता. खायचा पिवळा द्या म्हटलं, त्याने पुडी दिली. खळीत थोडा टाकला तर जिलेबीसारखा दिसला. जिलेबी पिवळी की केशरी, याचा निवाडा आमच्याकडे आजवर कोणी केलेला नाही. मीही केला नाही.

आणि तालीम मात्र दोन दिवस घेतली, उत्तरांची. पिवळा आणि निळा मिळून काय? हिरवा! लाल आणि पिवळा? नारिंगी! लाल आणि निळा? जांभळा! पोरं कशी तोफेसारखी उत्तरं देत होती. रंगांची तालीम घ्यायचं डोक्यात आलंच नाही. उत्तर पाठ झालं की रंग आपोआप येणार, असं मी धरून चालले होते.

त्या दिवशी आया भिंतीला टेकून बसल्या. मुलांच्या अंगावर जुन्या साड्यांचे तुकडे बांधलेले, पुढ्यात जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू. मी प्रत्येकाच्या कागदावर पिवळ्याचा एक ठिपका आणि निळ्याचा एक ठिपका दिला आणि बोटाने कालवा म्हटलं. पोरं कालवायला लागली. मी त्यांची तोंडं बघत होते, कागद बघतच नव्हते, आणि मोठ्या आवाजात विचारलं, पिवळा आणि निळा मिळून काय?

हिरवा! बाराच्या बारा.

आया खूश. एकीने मोबाईल धरला होता. मग माझी नजर खाली गेली. बारा कागदांवर बारा गोळे, मातकट, खाकी, घाणेरडे. एकीकडे वाटलं, बोलू नये. आया तर मुलांच्या तोंडाकडे बघताहेत. उत्तर बरोबर आलंय, मग रंगाची एवढी काय पत्रास?

पण बारातली एक पोर तोफ डागून झाल्यावर कागदाकडे वाकून बघत बसली होती. भारी बोलकी. बाप शेतावर, आई घरात शिवणकाम करणारी. तिने बोट वर धरलं आणि म्हणाली, "अक्का, हाऊ हिरवा नही शे. हाऊ शेन शे."

आईने तिला चिमटा घेतला. शेजारची बाई माझी बाजू घेऊन म्हणाली की ताजं शेण हिरवंच असतं. दोघी-चौघींनी माना डोलावल्या. सगळ्या मला वाचवायला निघाल्या होत्या, आणि माझं जवळजवळ ठरलंही होतं, वाचायचं. पण पोरीने रंगलेल्या हाताने आईचं मनगट धरलं, हिरव्या बांगड्यांशेजारी आपलं बोट टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

आता त्या बोटासमोर खोटं कसं बोलणार? मी खाली बसले आणि म्हटलं, खरंय बाई, हे शेणासारखंच दिसतंय. हिरवा का नाही झाला?

तालमीत हा प्रश्न नव्हता, त्यामुळे पोरांनी विचार केला. एक म्हणाला, निळा जास्त झाला. दुसरा म्हणाला, मीठ टाकलं म्हणून. मी विचारलं, पिवळं काय काय असतं? हळद, लिंबू, मोहरीचं फूल. आणि आपल्या वाटीतलं? सगळे वाटीवर वाकले. ती पोर म्हणाली, यात लाल शे.

खरंच होतं. केशरीत लाल आधीच मिसळलेला. त्यात निळा घातला म्हणजे तिन्ही मूळ रंग एका जागी आले आणि माती झाली. चार वर्षांच्या पोरीला दिसलं ते मला आणि किराणावाल्याला दिसलं नव्हतं. मी चुलीशी जाऊन उरलेल्या कोऱ्या खळीत हळद कालवून आणली. निळा अगदी बोटाच्या टोकावर दिला. पोरीने कालवलं आणि हळूहळू हिरवा उमलला, पोपटी, मग गडद. पोरं एकमेकांवर पडायला लागली. आया कौतुकाने हसल्या, पण मघाशी उत्तर ऐकून हसल्या होत्या तेवढ्या नव्हे.

नंतर हात धुताना साबण लागला आणि हळदीची बोटं लाल झाली. घरोघरच्या बायकांना हळदीच्या डागाचं हे माहीत असतं, कोणी घाबरलं नाही. ती पोर मात्र हौदाशी अडून बसली. आता लाल कुठून आला? निळा कुठे गेला? साबण कोणत्या रंगाचा? मला अर्ध्याचीही उत्तरं येईनात.

तिची आई शांतपणे बघत होती. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "अक्का, राग नका मानजात. हाई पोर इतली हुशार शे, आठे वाया जाई. मी तिले तठे धाडसू." तठे म्हणजे त्या धुळ्याच्या गाडीवाल्या नर्सरीत.

बाकी अकरा आया मात्र तिथल्या तिथे ठरवून मोकळ्या झाल्या, मुलं अक्कांकडेच राहतील. कारण त्यांच्या मुलांनी एकसुरात बरोबर उत्तर दिलं होतं. मोबाईलवाली बाई तो व्हिडिओ सगळ्यांना दाखवत होती. त्यात हिरवा! एवढंच ऐकू येतं, कागद दिसत नाहीत, आणि पोरीचं शेण तिने कापून टाकलं होतं.

म्हणजे बालवाडी वाचली. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते सगळं मिळालं. आणि डोळ्यांनी बघून बोलणारी जी एकुलती एक मला मिळाली, तिला मीच इतकी छान उजेडात आणली की ती हातची गेली. मी आईला एवढंच विचारलं, तिकडे पोरांना रंगात बोटं घालू देतात का?

ती म्हणाली, नाही अक्का, तिकडे फार स्वच्छ असतं. छापील चित्रं असतात, कशात कोणता रंग भरायचा ते आधीच लिहिलेलं असतं.

मी पोरीची बोटं पुसून दिली. ती अजून विचारतच होती.