तीन की आठ

दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर होता आणि फोनवर काढलेला माझा तासाभराचा उजळणीचा व्हिडिओ लाटंबार्सेतल्या मुलांना पोचत नव्हता. तिथं रेंज मेली आणि व्हिडिओ सहा जीबीचा! मी झिप केला. काडीचा फरक पडला नाही. मग चित्राचं रिझोल्यूशन उतरवून पाठवला. लगेच मेसेज आला, "सर, फळ्यावर तीन आहे की आठ?"

मी लेकीवर उगाच खेकसलो. ती म्हणाली, "बाबा, फळा हलतो का? मग सेकंदाला तीस चित्रं कशाला? पाचच ठेवूया, पण स्पष्ट."

तिनं तसा नव्यानं कॉम्प्रेस केलेला व्हिडिओ शंभर एमबीत बसला, मुलांना पोचला आणि आकडे लख्ख दिसले. त्यात मी मात्र धक्के खात हलत होतो. त्याबद्दल एकाही मुलानं तक्रार केली नाही.