अकरावा डबा, आठवी रांग

आमची ही, म्हणजे सुहासिनी, चौथी शिकलेली. गावच्या शाळेत तिने सव्वीस वर्षं पोरांना खिचडी शिजवून वाढली, पण वाचायचा नाद असा, की मिठाच्या पुडीवरचा मजकूरसुद्धा संपवल्याशिवाय पुडी फेकत नाही. जपानात लेकाकडे, हरीशच्या घरी, तोक्योतल्या ओजिमाला राहायला आलो, तेव्हा मला वाटलं, आता हिची उपासमार होणार. कसली होते! महिन्याभरात कुठल्या वारी कुठला कचरा ठेवायचा हे हिला चित्रं बघून पाठ, आणि मी मात्र प्लास्टिकच्या दिवशी बाटल्या ठेवून शेजारणीकडून परत घेऊन यायचो.

लेक देवयानी नागोयाला असते. तिच्याकडे आम्ही दोघांनीच जायचं ठरलं, शिन्कान्सेनने, म्हणजे इथल्या त्या बुलेट ट्रेनने. आदल्या संध्याकाळी हरीशने तिकिटं हातात ठेवली. मी वरवर बघून परत दिली. हिने चष्मा लावला.

"हरीश, हे काय रे?"

"आई, आकडे तुला येतात. हे अकरा, त्याच्यापुढचं चिन्ह म्हणजे डबा. हे आठ म्हणजे रांग. ई म्हणजे खिडकी, डी तिच्या शेजारची. फुजी डोंगर ई कडूनच दिसतो."

"गाडी कुठल्या दिशेला जाणार?"

"ओसाकाच्या. एक नंबरचा डबा पुढे, सोळावा सगळ्यात मागे. येताना उलटं, सोळावा पुढे."

हिने वहीचा कागद फाडला आणि लिहिलं: डबा अकरा. रांग आठ. मी खिडकी, हे शेजारी. पुढे एक, मागे सोळा. उतरणे नागोया. वेळसुद्धा मिनिटासकट. कागद घडी करून तिकिटांसोबत बटव्यात.

"परीक्षेला बसतेयस का?" मी म्हणालो.

"तुम्ही नापास झालात की कळेल," ही म्हणाली.

सूनबाई स्वरूपा मला वेगळं शिकवत होती. "बाबा, फोन सायलेंटवर ठेवा. डब्यात फोनवर बोलायचं नाही, दाराबाहेरच्या मोकळ्या जागेत जायचं. सातव्या डब्यात बोललेलं चालतं, पण तो कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांचा. आणि तुमच्या गोष्टी हळू आवाजात."

"म्हणजे सांगूच नको!"

"हो, तेच म्हणतेय."

सकाळी तोक्यो स्टेशनवर जमिनीवरच डब्यांचे आकडे लिहिलेले होते. त्यातल्या एकापाशी हरीशने आम्हाला उभं केलं. तो आकडा मी बघितलाच नाही. गाडी झाडणाऱ्या बायका काम संपवून ओळीत उभ्या राहून वाकत होत्या, मी त्यांना हात जोडत होतो.

प्रवास मोठा झकास. फुजी दिसला. हिने खिडकीला नाक लावून त्याला नमस्कार केला. शिन-योकोहामानंतर गाडी थेट नागोयालाच थांबणार होती. मी पेंगलो. मध्ये एक मोठं तळं गेलं म्हणे. मग माझा फोन वाजला, चांगला ढोलताशासारखा. सायलेंट करायचा राहून गेला होता. अख्खा डबा माझ्याकडे न बघता माझ्याकडे बघत होता! मी फोन छातीशी दाबून मागच्या दारातून बाहेर पळालो.

देवयानी होती. "बाबा, मी फलाटाचं तिकीट काढून आत येतेय. डबा कितवा? दारासमोरच उभी राहते."

"तुझ्या आईला विचारून सांगतो," म्हणालो आणि फोन ठेवला. तिथेच संडास होता, जाऊन आलो. बाहेर आलो तर गाडी बोगद्यात. दाराच्या काचेत काळोख, त्यात माझंच तोंड. डावीकडे एक सरकतं दार, उजवीकडे हुबेहूब तसंच. गाडी कुठल्या बाजूला पळतेय ते कळेना. उजवीकडच्या डब्यात दाराजवळच्या खुर्च्यांवरची माणसं माझ्याकडे पाठ करून बसलेली दिसली. खुर्च्या पुढे बघतात आणि मी मागच्या दाराने बाहेर आलो, म्हणजे पाठी दिसतात तोच आपला डबा, असा हिशोब करून मी आत शिरलो.

आठवी रांग. खिडकीशी एक तरुण झोपलेला. शेजारी त्याची बॅग.

मागे वळून बघतो तर कळलं: दाराजवळच्या चौघांनी खुर्च्या फिरवून समोरासमोर केल्या होत्या. जपानात तशा फिरवता येतात. मी पाहिल्या त्या उलट्या बसलेल्यांच्या पाठी. दारावर बारा लिहिलं होतं. पण आपला कितवा? आठवी रांग डोक्यात होती, डबा नव्हता. गावाकडे माणूस हरवला तर हाक मारतो आपण. इथे हाक मारायची नाही. तरी मी हळूच म्हटलं, "अगं..." तीन डोकी वळली. त्यात ही नव्हती.

उलट फिरावं हे घाबरल्यामुळे सुचलंच नाही, पलीकडच्या डब्यात असेल म्हणून तसाच चालत राहिलो. तेरा. आठव्या रांगेत आजीबाई डबा खात होत्या. चौदा. पंधरा. प्रत्येक डब्यात आठवी रांग, प्रत्येकीत कोणीतरी परकं. हरीशला फोन लावला, तो मीटिंगमध्ये. देवयानी म्हणाली, "बाबा, मला कुठे माहीत, मीच तुम्हाला विचारत होते!" आणि तीच घाबरली. "आईकडे फोन नाही ना? बाबा, पंधरा मिनिटांत नागोया येईल. गाडी दीड मिनिटच थांबते हो."

तिकीट हिच्याकडे, फोन माझ्याकडे. मी उतरलो आणि ही बसून राहिली तर? ही माझ्याशिवाय उतरणार नाही, हे मला चव्वेचाळीस वर्षांच्या अनुभवाने माहीत. मग ही एकटी पुढे क्योतोला, ओसाकाला. आणि मी न उतरता हिला शोधत राहिलो, आणि ही मला शोधायला उतरली तर? सोळाव्या डब्याच्या टोकाला गेलो तर पुढे बंद दार. गाडी संपली. दाराला हात टेकवून उभा राहिलो.

तेवढ्यात मागून कोणीतरी अदबीने खाकरलं. गाडीचा कंडक्टर. पांढरे हातमोजे. वाकला आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर एक तिकीट धरलं. तिकिटाखाली घडी केलेला कागद. मी उघडला: डबा अकरा. रांग आठ. मी खिडकी, हे शेजारी.

सांगायला लाज नाही, माझे डोळे भरले.

त्याच्या मागोमाग निघालो. दारांवरचे आकडे आता मी मोठ्या भक्तीने वाचत होतो. पंधरा, चौदा, तेरा, बारा. संडास लागला, तो ओलांडला, आणि अकरा. नागोयाची घोषणा सुरू झाली होती. ही दाराशी दोन्ही बॅगा घेऊन उभी. चेहरा कागदासारखा पांढरा, बटवा मुठीत घट्ट.

"अगं, त्याला सांगितलंस कसं?"

"हळू बोला." ही म्हणाली. "बराच वेळ आला नाहीत. तिकीट माझ्याकडे, मग तुम्हाला डबा सापडणार कसा? कंडक्टर आला तेव्हा दोन तिकिटं दाखवली, मग एक बोट. तुमची खुर्ची दाखवली, मिशा दाखवल्या."

"मिशा?"

"हाताने. मागच्या दाराने गेलात, म्हणून मागे बोट दाखवलं. मागे सोळा, लिहिलं होतं ना. तुमचंच तिकीट दिलं त्याला. माझं नाही दिलं. दोघं हरवलो असतो तर?"

गाडी थांबली. कंडक्टरने आमची एक बॅग उतरवून दिली आणि परत चढला. देवयानी सातव्या डब्यापासून धावत येत होती, रडवेली. आईच्या गळ्यात पडली, मग माझ्याकडे वळली.

"बाबा, एक आकडा लक्षात ठेवता येत नाही?"

मी काही बोलणार, तर ही म्हणाली, "राहू दे गं. घाबरलेत ते." आणि परतीचं तिकीट बटव्यातून काढून माझ्या सदऱ्याच्या खिशात घातलं. वर स्वतःच्या हाताने खिशाचं बटण लावलं.

देवयानीच्या घरी चहा घेताना मी वहीचा कागद मागितला. परतीचा डबा सहावा, रांग बारावी. लिहून झाल्यावर हिने चष्मा लावून तपासलं आणि माझ्या अक्षराखाली एक ओळ वाढवली: येताना सोळावा पुढे.