शिंक कोणत्या ओळीवर?

हस्तलिखित विभागात तिला सगळे तंतोतंतबाई म्हणत. मागेच नव्हे, तोंडावरही म्हणत, आणि ती खुशाल ओ देई. सव्वीस वर्षं तिचं एकच काम: जुन्या वहीत जे आणि जसं आहे, ते तसंच उतरवून काढायचं. लिहिणाऱ्याने चूक केली असेल तर हिनेही तीच करायची. ओळीच्या डोक्यावर मागाहून घुसवलेला शब्द दोन बाणांमध्ये ठेवायचा. अधोरेखन ठेवायचं आणि कशाने केलं ते तळटिपेत सांगायचं. समासातली नोंद कुठल्या शब्दाची ते खुणेवरून ओळखायचं, खूणच नसेल तर ती ज्या ओळीसमोर आहे तिथे लावायची. पदरचा शब्द? छे! तिचा नवरा पाहुण्यांना सांगे, "हिच्याकडे निरोप द्या, तुमच्या खोकल्यासकट पोचवेल."

अशी ही बाई एका शिंकेपायी आडवी झाली, त्याची ही गोष्ट.

एका बंद पडलेल्या नाटकमंडळीची वही विभागाकडे आली होती. प्रहसन होतं. घरात चोर शिरतो, कपाटात लपतो, घरमालक पाहुण्यांसमोर फुशारक्या मारतो. वही मंडळीच्या प्रॉम्प्टरची, म्हणजे आडोशाला उभं राहून नटांना वाक्यं पुरवणाऱ्या माणसाची. त्याने समास नोंदींनी खच्चून भरला होता: "दिवा मंद", "टेबल डावीकडे", "पाहुणीला आवरा". आणि सतराव्या पानावर, चौदाव्या ओळीसमोर, लाल पेन्सिलीत एकच शब्द: "शिंक".

खूण दिसली नाही. बाईंनी नियमाप्रमाणे शिंक चौदाव्या ओळीवर लावली. पडताळणीला तिचा जोडीदार होता. त्याच्या आवाजामुळे त्याचं नाव भोंगा पडलेलं. त्याने नक्कल घडाघडा वाचली, तिने मूळ वहीवर बोट फिरवलं. "या कपाटात, बाण सुरू, शपथेवर सांगतो, बाण बंद, अधोरेखन सुरू, कोणी नाही, अधोरेखन बंद, उद्गारचिन्ह!" सगळं बरोबर. दोघांनी सह्या ठोकल्या.

पंधरा दिवसांनी फोन आला. त्या मंडळीतला एकच नट हयात होता, शहाऐंशी वर्षांचे आजोबा, कपाटातला चोर तेच करायचे. त्यांची नात आता बाईंच्या नकलेवरून ते प्रहसन नव्याने बसवत होती; फोन तिचाच.

"बाई, तालमीत शिंकेवर कोणी हसतच नाही हो. सगळे जेवायला आत निघून गेलेत, रंगमंच रिकामा, आणि कपाट शिंकतं. आजोबा म्हणतात, पूर्वी या जागी लोक खुर्च्यांवरून पडायचे."

"मग तुम्हाला हवी तिथे घ्या ना शिंक."

"मी घेईन, पण ते ऐकतात कुठे! म्हणतात, प्रॉम्प्टरने वहीत लिहिलंय तिथेच. तो माझा मित्र होता, तो चुकायचा नाही. शनिवारी प्रयोग आहे, बाई. त्यांना ते हसू एकदा परत ऐकायचंय. एवढंच मागतायत."

बाईंनी फोन ठेवला. प्रॉम्प्टर चुकायचा नाही, मग चुकलं कोण?

दुसऱ्या दिवशी आजोबाच काठी टेकत हजर. "आजोबा, कुठल्या वाक्यावर शिंकायचात ते आठवत असेल ना?" बाईंनी विचारलं.

"मला काय ठाऊक? मी कपाटात! दार बंद, कानात बोळे. तो मागून फळीवर टिचकी मारायचा, मी शिंकायचो. मग जो काही गडगडाट व्हायचा, तो बोळ्यांतूनही यायचा."

"आपण एकेक वाक्य करून बघू," भोंगा म्हणाला, आणि वाचनालयाचा सत्यानाश झाला. भोंगा वाचतोय, आजोबा शिंकतायत. शिंक म्हणजे काय, आधी नाक थरथरे, मग भुवया छपराला जात, मग साक्षात स्फोट! आठव्या ओळीवर दोन संशोधक फुटले. दहाव्यावर ग्रंथपाल टेबलाखाली गेली. 'शांतता राखा' या पाटीखाली माणसं पोटं धरून बसली. विभागप्रमुख ओरडायला आले आणि बाराव्या ओळीनंतर चष्मा पुसत, "एकदा पुन्हा!" म्हणाले.

घोळ एवढाच, की आजोबा कुठेही शिंकले तरी हसू येत होतं. पुरावा शून्य.

हसून हसून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पुसत तिने वही खिडकीशी नेली आणि भिंग लावलं. चौदावी ओळ. लाल शिंक. तिथून नजर वर नेत गेली, आणि नवव्या ओळीवर थबकली.

"अहो, या इकडे!" ती किंचाळली. वाचनालयात, ती! "हे 'शपथेवर सांगतो' कशाने लिहिलंय?"

"लाल पेन्सिलीने. तुम्हीच तळटिपेत दिलंय," भोंगा म्हणाला.

"आणि 'कोणी नाही'खालची रेघ?"

"लालच. तीही टीप आहे."

"आणि शिंक लाल! सबंध पानावर लाल एवढंच आहे. बाकी सगळी शाई. मी मूर्खासारख्या तीन टिपा दिल्या, तीन ठिकाणी! एका बैठकीत, एकाच पेन्सिलीने केलंय हे. घरमालकाच्या तोंडी शपथ घातली, 'कोणी नाही'खाली रेघ ओढली, आणि शिंक लिहायला गेला तर नवव्या ओळीसमोर जागाच नव्हती. हे बघा, 'पाहुणीला आवरा' हे उभं लिहिलेलं, नवव्यापासून तेराव्यापर्यंत उतरलंय. ते शाईतलं, म्हणजे आधीचं. म्हणून बिचारी शिंक खाली सरकली. खूण होती हो, ती रेघच खूण होती! मी तिला नुसतं जोर देणं समजले."

भोंग्याने भिंगातून पाहिलं आणि चक्क कुजबुजला, "खरंच की!" भोंगा कुजबुजणं ही सुद्धा इतिहासातली पहिलीच वेळ.

सव्वीस वर्षांत बाईंनी शुद्धिपत्र काढलं नव्हतं. त्या दिवशी काढलं: "पान १७. समासातील 'शिंक' ही नोंद ओळ ९, 'कोणी नाही' या शब्दांची. वही समोर असूनही ओळ १४ला लावली, ही नक्कलकाराची चूक." शेवटचे दोन शब्द लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. लाज वाटली, खरंच वाटली. पण तिने ते लिहिले.

शनिवारी ती नवऱ्याला घेऊन तिसऱ्या रांगेत बसली. आजोबा पहिल्या रांगेत, आणि या वेळी कानात बोळे नव्हते. घरमालकाने छाती फुगवली. "या कपाटात, शपथेवर सांगतो, कोणी नाही!"

मागून टिचकी. कपाट शिंकलं.

आणि जे हसू उसळलं! पुढून मागे गेलं, मागून पुढे आलं, ओसरतंय म्हणेपर्यंत घरमालकाने कपाटाला "सुखी राहा" म्हटलं आणि पुन्हा फुटलं. बाईंचा नवरा समोरच्या माणसाच्या पाठीवर थापा मारत होता. आजोबा मात्र हसत नव्हते. डोळे मिटून, तोंड किंचित उघडं ठेवून, ते ऐकत होते.

प्रयोग संपल्यावर त्यांनी तिचा हात धरला. "बाई, आता तुमच्या कागदात लिहा, इथे लोक हसले."

"वहीत नाहीये, आजोबा."

"तो कसा लिहिणार? तो कपाटामागे होता. लोक त्याला दिसतच नसत. तुम्ही पाहिलंत."

सोमवारी भोंगा सुधारलेलं सतरावं पान पडताळायला बसला. नववी ओळ झाली, शिंक झाली, तो तळटिपेवर आला आणि अडखळला. मग घसा साफ करून त्याने सगळ्या वाचनालयाला ऐकू जाईल असं वाचलं:

"चौकोनी कंस सुरू. हे मूळ वहीत नाही. नक्कलकाराने प्रयोगात पाहिले. इथे लोक हसले, पूर्णविराम. मीही, पूर्णविराम. चौकोनी कंस बंद."

"बरोबर," तंतोतंतबाई म्हणाली, आणि तिने सही केली.