घड्याळदादांचे दोन दिवस

आमच्या विमा कार्यालयात घड्याळदादांचा थाट काय सांगावा! मनगटावर घड्याळ नाही, पण दाव्यांचं रजिस्टर त्यांच्या ताब्यात. आरोग्य, वाहन, आग, अपघात, प्रत्येक पॉलिसीची पानं वेगळी. मागितलेली रक्कम, मंजूर रक्कम, नाकारण्याचं कारण, आणि सगळ्यात लाडका रकाना 'निकालाला लागलेले दिवस'. मी शेजारच्या टेबलावर वाहनांचे दावे बघते. त्या रकान्यासाठी हा माणूस जीव टाकायचा.

नियम असा, की दिवस मोजायचे ते शेवटचा कागद हाती पडल्यापासून. झालं! निकालाची मुदत संपत आली की दादा आणखी एक कागद मागवायचे. तो आला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. माणूस कंटाळून फिरकलाच नाही, तर शेरा तयार: 'कागदपत्रे अपूर्ण, दावा बंद.' तोही निकालच! "बाई, काम करत बसायचं नसतं, संपवायचं असतं," असं मलाच ऐकवायचे. असा राग यायचा ना!

मग त्यांच्या धाकट्या बहिणीचं शिवणकामाचं दुकान जळालं. नात्यातली म्हणून फाइल दादांना देता येईना. ती गेली त्यांनीच तयार केलेल्या कारकुनाकडे. सर्व्हेअरने नुकसान पाहून अहवाल दिला होता, तरी पठ्ठ्याने गुरूची विद्या चालवलीच. आधी भाडेकरार, मग वीजबिल, शेवटी दुकानातल्या मालाची मूळ वही.

बहीण पत्र नाचवत ऑफिसात आली. "दादा, वही दुकानातच होती रे! राख आणून देऊ?"

दादा साहेबांकडे धावले. साहेब हसले. "अहो, पत्राचा मसुदा तुमचाच आहे." दादांचं तोंड एवढंसं झालं. दावा बंद झाला. हातापाया पडून त्यांनी तो पुन्हा उघडायला लावला, तर त्याला नवा नंबर आणि मोजणी शून्यावर. अखेर कर्जासाठी बँकेकडे दिलेल्या मालाच्या यादीवर भागलं आणि निम्मी रक्कम मंजूर झाली. रजिस्टरात नोंद झाली, दोन दिवस.

वर्षभर रखडलेला दावा, आणि मुख्यालय खूश! वार्षिक सभेत दादांना जलद निकालांची ढाल, आणि आदर्श दावा म्हणून बहिणीला स्टेजवर चेक, तोही दादांच्याच हातून.

साहेबांनी माइक पुढे केला. "ताई, दोन दिवसांत पैसे! कसं वाटतंय?"

ती भावाकडे बघत म्हणाली, "दादा, या दोन दिवसांत मी मशिनी विकल्या, जागा सोडली, पोरीचं कॉलेज सुटलं. आता दुसऱ्याच्या दुकानात काजं-बटणं करते. दोन दिवसांत बरंच उरकलं रे."

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. दादांना मान वर करवेना. पहिल्यांदाच मला त्यांची कीव आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी 'दोन' खोडून बहिणीच्या पहिल्या अर्जापासूनचे सगळे दिवस लिहिले. साहेबांनी ढाल काही परत मागितली नाही. रजिस्टर मात्र त्या कारकुनाला दिलं.