वीत्स्केचा अंदाज

वीत्स्के हुक्स्ट्राला अंदाज बांधायची खोड होती. मनोरुग्णांच्या वॉर्डात तीस वर्षं काढलेली नर्स ती. आज कोण जेवणार नाही, कोण उगाच हसतंय, हे दारातूनच सांगायची आणि वर तोऱ्यात बघायची. त्यामुळे नेदरलँड्समधल्या ख्रोनिंगनच्या रुग्णालयात सायलोसायबिनच्या, म्हणजे भूछत्रांतल्या भास घडवणाऱ्या द्रव्याच्या, चाचणीवर नेमणूक झाली, तेव्हा पहिलाच नियम ऐकून तिचं डोकं फिरलं: अंदाज बांधायचा नाही, बांधलाच तर तोंडातून काढायचा नाही.

बाकी औषधांना दाद न देणारं नैराश्य असलेल्यांना तिथे एकदा कॅप्सूल देत. निम्म्यांना पूर्ण मात्रा, निम्म्यांना नावापुरती. कोणाला काय मिळालं, ते औषधशाळेतल्या बंद यादीलाच ठाऊक. रुग्णाला नाही, शेजारी बसणाऱ्या वीत्स्केला नाही, आणि नंतर फोनवर प्रश्न विचारून नैराश्य मोजणाऱ्या परगावच्या माणसाला तर नाहीच. सहा आठवडे सरले की ज्याला हवी त्याला पूर्ण मात्रा, उघडपणे.

हार्मेन बूर्सेमा कालव्यावरचा पूल उचलायच्या कामावर होता, पण वर्षभर त्याला अंथरुणातून स्वतःला उचलणं जमत नव्हतं. घरात कोणाला वेड लागलं होतं का, हृदय कसं आहे, सगळं तपासून त्याला चाचणीत घेतलं. जुन्या गोळ्या डॉक्टरांच्या नजरेखाली हळूहळू बंद केल्या. वीत्स्के तीनदा त्याच्याशी बोलत बसली. भीती वाटली तर हात धरायचा का, कसा धरायचा, याचीही तालीम झाली.

आणि प्रत्यक्ष त्या दिवशी काय, तर डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत, आणि हा गडी सहा तास दाढ काढून घ्यायला आल्यासारखा पडून. रक्तदाब जेमतेम हलला. मध्येच उठून त्याने चहा मागितला. नावापुरती मात्रा, वीत्स्केने मनात शिक्का मारला.

तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी त्याचा फोन आला.

"वीत्स्के, मी ट्रफलच्या, त्या भास घडवणाऱ्या भूछत्रांच्या गाठींच्या दुकानासमोर उभा आहे. खरं सांग, मला नावापुरतीच दिली ना? तसं असेल तर दोन डबे घेतो आणि घरी दार लावून खातो."

"आणि पूर्ण दिली असेल तर?"

"तर कळलं, की माझ्यावर काहीच चालत नाही. मग कशाला जगायचं?"

वीत्स्केने दोन्ही उत्तरं मनात तोलली. काहीही म्हटलं तरी तो बुडणार होता.

"मला माहीत नाही, हार्मेन."

"अंदाज तरी?"

"अंदाज आहे. सांगणार नाही."

"खेचर आहेस नुसती!"

"आहेच. आता सरळ विचारते. मरायचे विचार येतायत?"

"येतात. आज काही करणार नाही."

"मग तिथेच थांब, फोन ठेवू नकोस. सायकलवर येते."

सहकाऱ्याकडून डॉक्टरांना निरोप धाडून ती निघाली. दुकानाशी पोचली तेव्हा तो अजून पायरीवरच होता.

"औषध तेच ना?" तो कुरकुरला. "इथे तर राजरोस विकतात."

"तेच. पण तुझी कॅप्सूल मोजून भरलेली. इथली एक गाठ जोरदार, तर दुसरी फुसकी. आणि घाबरलास तर घरी हात धरायला कोण, मांजर?"

"मांजरही बायकोबरोबरच गेली."

दोघं हसली, आणि हसताहसताच तो रडू लागला. सायकल हातात धरून ती त्याला पायी रुग्णालयात घेऊन गेली. डॉक्टर रेन्स्के अतेमांनी त्याला नीट तपासलं. चाचणी कधीही सोडता येईल, दुसरे उपचार आजच सुरू करू, असं स्पष्ट सांगितलं. तो थांबतो म्हणाला. मग वाईट क्षणी कोणाला बोलवायचं ते कागदावर उतरलं, आणि रोज अकरा वाजता वीत्स्केचा फोन ठरला. एकवीस दिवस तिने एकही फोन चुकवला नाही. दोनदा त्याने शिव्या दिल्या. तिने ऐकून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी परत फोन केला.

मग उघडपणे पूर्ण मात्रा. दुसऱ्या तासाला तो किंचाळला, "थांबव हे!" तालमीतल्यासारखा तिने त्याचा हात धरला. "थांबवता येत नाही. मी इथेच आहे, कुठेही जात नाही." पाऊण तास त्याने तो हात इतका आवळला की तिच्या बोटावर अंगठीचा वळ उमटला. नंतर तो वीस वर्षांपूर्वी वारलेल्या वडिलांसाठी रडला, पहिल्यांदाच. चमत्कार वगैरे झाला नाही. पुढे महिनाभर दोघं त्या रडण्याबद्दल बोलत राहिली. नैराश्याचा आकडा निम्म्याच्या खाली आला आणि वसंतात तो कामावर रुजू झाला.

वर्षाने चाचणी संपली आणि यादी उघडली. अतेमांनी कागद पुढे सरकवला. हार्मेन बूर्सेमा, पहिली मात्रा: पूर्ण.

वीत्स्केने ती ओळ तीनदा वाचली. पहिल्यांदाही पूर्णच दिली होती, आणि नियम नसता तर तिने छातीठोकपणे उलटं सांगितलं असतं. तिच्या शब्दावर त्याने दोन डबे खाल्ले असते, दार लावून, एकट्याने. ती खुर्चीत बसली.

संध्याकाळी ती पुलावर गेली. हार्मेनलाही तेच कळवणारं पत्र मिळालं होतं. बोट जाऊ देऊन त्याने पूल खाली आणला.

"आता तरी सांग. तेव्हा तुझा अंदाज काय होता?"

"चुकीचा," ती म्हणाली, आणि तिने त्याचा हात घट्ट धरला.