गठाणीचा प्रोग्राम

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या सूतगिरणीत ईआरपी, म्हणजे सगळ्या कामांसाठी एकच तयार संगणक-प्रणाली, येणार असं ठरलं, तेव्हा पुण्याहून एक सल्लागार बाई आल्या. कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं. आणि ह्या ठरवणार आमचे कोणते प्रोग्राम ठेवायचे! उंटावरून शेळ्या हाकणं यालाच म्हणतात.

संगणक विभाग म्हणजे मी एकटा. पगाराचा, भांडाराचा, विक्रीचा, सगळे प्रोग्राम मीच लिहिलेले. ते गेले तर गेले, त्यांचं मला काही नव्हतं. पण कापसाच्या कोणत्या ढिगातल्या किती गठाणी, म्हणजे गासड्या, एकत्र लावायच्या हे सांगणारा मिक्सिंगचा प्रोग्राम माझा जीव होता. त्यावर माझी दहा वर्षं गेली होती.

बाईंनी भिंतीवर मोठा कागद लावला. त्यावर प्रोग्रामची नावं नव्हतीच. गिरणी काय काय करते त्याचे चौकोन होते: खरेदी, साठा, मिक्सिंग, कताई, विक्री, पगार. मग प्रत्येक चौकोनात तिथे चालणाऱ्या प्रोग्रामची चिठ्ठी डकवली. ईआरपीत जे तयार मिळतं ते काम तिकडे द्यायचं. जे काम आपणच वेगळं करतो आणि ज्याचा निर्णय आपल्या प्रोग्रामवर होतो, तो प्रोग्राम ठेवून ईआरपीला जोडायचा. शेजारच्या कागदावर टप्पे होते: कोणता प्रोग्राम कधी बंद, त्याआधी एक महिना जुना आणि नवा दोन्ही सोबत चालवायचे.

"मिक्सिंग ठेवावंच लागेल," मी ऐटीत म्हणालो. "त्याशिवाय आमचं सूत तुटेल."

"निर्णय त्यावर होतो ना?" बाई म्हणाल्या. "मग जो लावतो त्याला विचारू."

मी हसलो. विचारा की! मिक्सिंगचा मिस्त्री देवळीचा, वीस वर्षांपासून गिरणीत असलेला जुना माणूस. मीच त्याला बोलावलं.

त्यानं टोपी काढून हातात धरली. माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"खोटं काऊन बोलू, साहेब? गठाण आमी रुई हातात धरून लावतो. मंग दुपारी तुमच्या कंप्युटर मशीनमंधी तेच भरतो. मशीन नाई म्हणते, मंग आकडे बदलून टाकतो, हो म्हणेपर्यंत."

"कधीपासून?" मी विचारलं.

"पयल्या वर्षापासून. तुमी एवढ्या हौसेनं बनवलं होतं, तुमाले कसं सांगू?"

बाईंनी वहीत नुसती नोंद केली. त्या हसल्या असत्या, तर निदान मला त्यांचा राग तरी आला असता. दहा वर्षं त्या खोट्या आकड्यांचे तक्ते मी मालकांना छाती फुगवून दाखवत होतो. बाईंना पऱ्हाटी माहीत नव्हती. मला माझ्याच गिरणीत गठाण कशी लागते ते माहीत नव्हतं. थू अशा शहाणपणावर.

मिक्सिंगची चिठ्ठी मीच उपटली आणि पहिल्या टप्प्यात, 'बंद'च्या रांगेत लावली. गठाणीची नुसती नोंदच करायची होती, ती ईआरपीत होणारच होती.

मिस्त्री निघाला होता, तो दारातून परत आला.

"साहेब, मंग आता ते आकडे बदलणं बंद ना?"

"बंद," मी म्हणालो.

"बरं झालं," तो म्हणाला, आणि टोपी घालून खाली गेला.