सात आणि बारा नंबरची गाठोडी

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गोळीबार झाला, की परळच्या आमच्या इस्पितळात जखमी यायचे. पुरुषांच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डची मी सिस्टर होते. एका दुपारी तासाभरात अकराजण आले. बहुतेकांना शुद्ध नव्हती, नावं कोण सांगणार?

अंगावरचे कपडे उतरवून त्यांचं गाठोडं बांधायचं आणि त्याला केसपेपरच्या नंबराची चिठ्ठी लावायची, हा नियम. त्या दिवशी केसपेपर यायला उशीर होत होता. मी शिकाऊ नर्सना म्हटलं, "तूर्त खाटेचा नंबर घाला." मुलींनी घातला. गाठोडी खाटांखाली ठेवली.

थोड्या वेळानं बारा नंबरचा माणूस बिघडला. त्याला दाराजवळ, डॉक्टरांच्या हाताशी घ्यायचा म्हणून मी दाराजवळच्या सात नंबरवाल्याशी त्याची खाट बदलायला लावली. माणसं हलली, गाठोडी जागच्या जागी राहिली. चिठ्ठ्या बदला, असं मी कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी तो दाराजवळच्या त्या सात नंबरच्या खाटेवर वारला. सातच्या गाठोड्यातला गिरणीचा पास बघून, त्यावरच्या नावाच्या घरी निरोप गेला. बारा नंबरच्या गाठोड्यात ज्याचं नाव सापडलं, त्याची बायको शोधत येऊन दारात उभी होती. नायगावच्या चाळीतून आलेली आमची एक शिकाऊ मुलगी तिला म्हणाली, "आहेत हो, झोपलेत. उद्या पेज आणा." दारातून तिला बारा नंबरच्या खाटेवरचं फक्त बँडेजमधलं डोकं दिसलं. ते डोकं तिच्या नवऱ्याचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बाई, जिच्या घरी मेल्याचा निरोप गेला होता ती, शवागारात गेली. घरी तिनं बांगड्या फोडून ठेवल्या होत्या. चादर बाजूला केल्यावर ती म्हणाली, "हे आमचे नव्हेत."

दुपारी दुसरी काळाचौकीहून पेजेचा डबा घेऊन आली. तिला मी खरं काय ते सांगितलं. तिनं डबा खिडकीत ठेवला आणि मेलेल्याला बघायला गेली. डबा तिथेच राहिला.

चारला मेट्रन यायच्या, त्याआधी लेखी निवेदन द्यायचं होतं. इंग्रजीत लिहायचं होतं, म्हणून आणखी जपून. पहिल्या कागदावर मी लिहिलं, की शिकाऊ मुलींनी गाठोडी तपासली नाहीत. खोटं नव्हतं ते. पण एवढं वाक्य पुरे होतं. ती नायगावची पोर संध्याकाळच्या आत ट्रंक घेऊन घरी गेली असती, आणि शिकायला बाहेर पडलेली त्या घरातली ती पहिलीच. कागद फाडला. दुसऱ्यावर इतक्यांदा क्षमा मागितली, की काय घडलं ते शेवटच्या ओळीत आलं. तोही फाडला.

आमची म्हातारी आया केर काढत होती. "सिस्टर, पत्र लिवताय का मला काम काडताय?"

तिसरा कागद, मराठीत सांगायचा तर, असा झाला :

"काल या वॉर्डकडून दोन रुग्णांची ओळख उलटी झाली. एका घरी जिवंत माणूस मेल्याचं कळवलं, दुसऱ्या घरी मेलेला जिवंत असल्याचं सांगितलं. गाठोड्यांवर खाटेचा नंबर घालायला मी सांगितलं. पुढे खाटा मीच बदलायला लावल्या आणि चिठ्ठ्या बदलल्या का, ते पाहिलं नाही. मुलींनी माझ्या सांगण्याप्रमाणे काम केलं. दोन्ही कुटुंबांना खरी माहिती दिली आहे. आज सकाळपासून चिठ्ठी नुसती गाठोड्यावर न लावता रुग्णाच्या मनगटावरही बांधतो, आणि नाव ठरवताना दोघीजणी ताडून पाहतात. वॉर्ड माझ्या ताब्यात आहे, जबाबदारी माझी आहे."

मेट्रननी उभ्यानंच वाचलं. "त्या बाईला 'झोपलेत' कोण म्हणालं?"

"वॉर्ड म्हणाला, मॅडम."

"वॉर्डला तोंड असतं?"

"आहे. माझं."

"तुमच्या नावावर हे राहील. कायमचं."

"राहू दे, मॅडम."

मेट्रननी चष्मा काढला, कागद फाइलमध्ये घातला. मुलींचं नाव कुठे लागलं नाही. पुढच्या महिन्यात मला वॉर्डवरून काढून कपड्यांच्या कोठारात बसवलं. चादरी मोजायच्या आणि फाटक्या वेगळ्या काढायच्या. वॉर्ड मला परत मिळाला नाही. तक्रार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. जे लिहून दिलं, त्याचंच ते उत्तर होतं.

पण कागदात न लिहिलेलं एक काम उरलं होतं. निवेदन दिल्याच्या तिसऱ्या दिवशी खिडकीतला तो डबा घासून नायगावच्या त्या मुलीच्या हातात दिला आणि तिला घेऊन काळाचौकीला गेले. ती वाटेत दोनदा म्हणाली, "सिस्टर, तुम्हीच द्या ना." मी नाही म्हटलं. मेट्रनसमोर नाव झाकणं माझं काम होतं, या दारात नव्हतं.

बाईनं डबा घेतला, मुलीकडे नीट पाहिलं. "झोपलेत म्हणालीस, ती तूच ना गं?"

"हो."

बाईनं डबा आत नेऊन ठेवला. परत आली, आम्हाला बसा म्हणाली नाही. दार लावून घेतलं.